बँकेसाठी टाइप केलेला ठराव

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीत टॉवेल आणि चादरी विणणारे कितीतरी कारखाने कागदोपत्री प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या आहेत. त्यांचे संचालक म्हणजे दोन-तीन भाऊ, त्यांच्या बायका, एखादा पुतण्या. अशी कंपनी नव्या मागांसाठी कर्ज काढते तेव्हा बँकेच्या फाइलमध्ये संचालक मंडळाच्या ठरावाची एक प्रमाणित प्रत लागते. अमुक तारखेला अमुक ठिकाणी सभा झाली, हे संचालक हजर होते आणि इतके कर्ज घेण्याचे सर्वानुमते ठरले, असे त्यात लिहिलेले असते. अनेकदा ती सभा झालेलीच नसते. मजकूर बँकेने दिलेला असतो, तो सीएच्या ऑफिसात टाइप होतो आणि त्याखाली सही होते.

यावर एक मत वारंवार ऐकू येते. घरच्या कंपनीत सभा हा उपचारच आहे, भाऊ रोज एकाच गाळ्यात बसतात, त्यांना सात दिवसांच्या नोटिसा कशाला? कर्जाचा ठरावही मेलवर फिरवून मंजूर करण्याची मुभा द्यावी, असे या मताचे लोक म्हणतात. मला हे मत चुकीचे वाटते. 2015 नंतर प्रायव्हेट कंपनीवरची दुसरी मोठी अट निघून गेली आहे, त्यामुळे कर्जाच्या बाबतीत संचालक मंडळाची खरीखुरी सभा एवढाच एक अडसर उरला आहे. तो सैल करण्याऐवजी घट्ट करायला हवा.

आधी संचालक मंडळाचा अधिकार किती मोठा आहे ते पाहू. कंपनी कायदा 2013 च्या कलम 179 चे पहिलेच वाक्य सांगते की कंपनी जे जे करू शकते ते सगळे करण्याचा अधिकार मंडळाला आहे. कायदा, घटनापत्रक, नियमावली किंवा सर्वसाधारण सभेने घातलेल्या मर्यादा तेवढ्या पाळायच्या. भागधारक कंपनीचे मालक असले तरी कंपनी चालवत नाहीत. मंडळाच्या हातातल्या एखाद्या विषयावर भागधारकांनी नंतर वेगळे ठरवले, तरी मंडळाने आधी केलेले वैध काम त्यामुळे रद्द होत नाही, हेही त्याच कलमात आहे.

हा अधिकार भागधारकाच्या खिशापर्यंत कसा पोचतो, याचे देशभर अभ्यासले जाणारे उदाहरण सोलापूरचेच आहे. शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी मिल, ऑगस्ट 1949 मध्ये बंद पडली. जानेवारी 1950 मध्ये केंद्र सरकारने खास तिच्यासाठी वटहुकूम काढला. जुने संचालक गेले आणि सरकारने नेमलेले संचालक आले. भागधारकांचा संचालक निवडण्याचा अधिकार गेला, आणि त्यांनी केलेला ठरावही सरकारच्या मान्यतेशिवाय अमलात येऊ शकत नव्हता. या नव्या मंडळाने प्रेफरन्स शेअरवर प्रत्येकी 50 रुपयांचा हप्ता मागण्याचा ठराव केला. द्वारकादास श्रीनिवास या भागधारकाने त्याला आव्हान दिले. त्याआधी 1950 मध्ये चरणजितलाल चौधरी या दुसऱ्या भागधारकाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने फेटाळली होती. द्वारकादास यांच्या दाव्यात मात्र डिसेंबर 1953 मध्ये त्याच न्यायालयाने ती सगळी व्यवस्था घटनाबाह्य ठरवली.

तो निकाल मालमत्तेच्या हक्कावर लागला, सभेच्या पद्धतीवर नाही, आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेत लिहिताना हा फरक राखायला हवा. तरी मला त्या खटल्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. वाद पेटला तो मंडळाच्या एका ठरावामुळे. मंडळात कोण बसले आहे आणि ते काय ठरवते, यावर भागधारकाला उद्या पैसे भरावे लागतील की नाही हे अवलंबून होते. आजच्या कायद्यात शेअरवरची न भरलेली रक्कम मागण्याचा हा अधिकार कलम 179 च्या पोटकलम 3 मध्ये अगदी पहिला आहे. मंडळाने फक्त सभेत, ठराव करूनच वापरायच्या अधिकारांची ती यादी आहे. कर्ज घेणे, पैसे गुंतवणे, कर्ज किंवा हमी देणे, शेअर व डिबेंचर काढणे, वार्षिक हिशेब मंजूर करणे, विलीनीकरणाला मान्यता देणे हे सगळे तिथेच आहे. बाकीच्या बहुतेक विषयांत ठराव फिरवून चालतो. या यादीतल्या विषयांत चालत नाही.

आता एक कल्पित कंपनी घेऊ. टेरी टॉवेल बनवणाऱ्या या कंपनीत पाच संचालक आहेत. थोरले भाऊ व्यवस्थापकीय संचालक आणि मंडळाचे अध्यक्ष आहेत. त्यांच्या पत्नी आणि पुण्यात राहणारा त्यांचा मुलगा हेही संचालक. चौथे धाकटे भाऊ. पाचव्या मधल्या वहिनी. मधले भाऊ वारल्यावर त्यांच्या जागी त्यांना घेतले आहे. शेअर थोरल्यांच्या घरात 60 टक्के, धाकट्यांकडे 20 टक्के आणि वहिनींकडे 20 टक्के आहेत. भरलेले भागभांडवल 40 लाख, मुक्त राखीव निधी 1 कोटी 10 लाख. जुने मुदत कर्ज 90 लाख बाकी आहे, शिवाय 60 लाखांचे कॅश क्रेडिट आहे. थोरल्यांना नवे रेपियर माग घ्यायचे आहेत आणि त्यासाठी बँकेकडून 1 कोटी 20 लाखांचे मुदत कर्ज हवे आहे. धाकट्यांना बाजार मंदीत असताना एवढा बोजा नको आहे. वहिनींना कोणी विचारलेलेच नाही.

समजा, थोरल्यांनी रीतसर सभा बोलावली. गणपूर्तीसाठी मंडळाच्या एक-तृतीयांश किंवा दोन संचालक, यांतली मोठी संख्या लागते. पाचाचे तृतीयांश दीडाहून थोडे जास्त होते आणि अपूर्णांक आला की पुढचा पूर्ण आकडा धरतात, म्हणजे दोन. थोरले आणि त्यांच्या पत्नी बसल्या की सभा पूर्ण झाली. निर्णय हजर असलेल्यांच्या बहुमताने होतो. कंपनीची नियमावली कायद्याबरोबरच्या तक्ता एफ प्रमाणे असेल, तर समान मते पडल्यास अध्यक्षांना निर्णायक मतही आहे. पत्नीने विरोध केला तरी थोरले एकट्याच्या दोन मतांवर 1 कोटी 20 लाखांचे कर्ज मंजूर करून घेऊ शकतात.

आता हाच ठराव फिरवला असता तर काय झाले असते? कलम 175 प्रमाणे मसुदा आणि त्याबरोबरचे आवश्यक कागद सगळ्या संचालकांना पाठवावे लागतात, आणि मंजुरीसाठी मतदानाचा हक्क असलेल्या सगळ्या संचालकांमधल्या बहुसंख्यांचा होकार लागतो. पाचपैकी तीन. शिवाय एक-तृतीयांश संचालकांनी, म्हणजे इथे दोघांनी, हा विषय सभेत घ्या असे म्हटले तर अध्यक्षांना तो सभेत ठेवावाच लागतो. धाकटे आणि वहिनी एवढेच पुरे आहेत.

म्हणजे मतांच्या हिशेबात फिरता ठराव जास्त अवघड आहे आणि सभा सोपी. तरीही कायदा कर्जासाठी फिरता ठराव नाकारतो आणि सभाच मागतो. बरेच विद्यार्थी दोन्हीचे आकडे पाठ करतात, पण हा विरोधाभास त्यांच्या लक्षात येत नाही. लक्षात आला की कायद्याचा हेतू उलगडतो. कायद्याला इथे मतांची संख्या वाढवायची नाही. तयार मजकुरावर हो किंवा नाही एवढेच म्हणायला लावणाऱ्या पद्धतीतून त्याला असे निर्णय बाहेर काढायचे आहेत. सभेत वहिनी विचारू शकतात की जुन्या 90 लाखांचे हप्ते वेळेवर जात आहेत का. धाकटे म्हणू शकतात की चार माग आत्ता घेऊ, चार पुढच्या वर्षी. ठरावाचा मजकूर तिथल्या तिथे बदलू शकतो. आणि कलम 118 प्रमाणे कार्यवृत्तात हजर संचालकांची नावे आणि प्रत्येक ठरावाला विरोध करणाऱ्यांची नावे लिहावीच लागतात. फिरत्या ठरावाला गप्प राहून उत्तर टाळता येते. सभेत गप्प राहिलेला संचालक मात्र हजर म्हणून नोंदला जातो.

गणपूर्ती इतकी लहान असल्याने सभेतले खरे संरक्षण नोटीसच आहे. कलम 173 प्रमाणे प्रत्येक संचालकाला किमान सात दिवस आधी लेखी नोटीस त्याच्या नोंदवलेल्या पत्त्यावर जायला हवी. हाताने, टपालाने किंवा ई-मेलने. तातडीच्या कामासाठी कमी मुदतीची नोटीस चालते, पण नोटीस मुळीच न देणे कधीच चालत नाही. परमेश्वरी प्रसाद गुप्ता विरुद्ध भारत सरकार या 1973 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सगळ्या संचालकांना नोटीस गेली असणे ही ठरावाच्या वैधतेसाठी आवश्यक गोष्ट आहे. एकालाही ती गेली नसेल तर त्या सभेतला ठराव वैध राहत नाही. त्या प्रकरणात पुढे रीतसर भरलेल्या सभेने आधीच्या कृतीला मान्यता दिली म्हणून निर्णय टिकला. यातून दोन गोष्टी कळतात. चूक दुरुस्त करता येते, पण ती दुरुस्त करण्यासाठीसुद्धा खरी सभाच लागते.

आपल्या कंपनीत वहिनींना नोटीस गेली आणि त्या आल्या नाहीत, तर थोरल्यांचा ठराव कायदेशीर आहे. नोटीसच गेली नसेल, तर पाचपैकी चौघांनी होकार दिला असला तरी ठराव पोकळ आहे. बहुमताची बेरीज करण्याआधी नोटिसांचा पुरावा पाहावा, हा क्रम मी विद्यार्थ्यांनी पक्का धरावा असे म्हणेन.

आता निघून गेलेल्या अटीकडे वळतो. कलम 180 मंडळाला काही बाबतींत भागधारकांकडे जायला लावते आणि तिथे विशेष ठराव मागते. त्यातली एक बाब कर्जाची आहे. नवे कर्ज आणि आधीचे कर्ज मिळून भरलेले भागभांडवल, मुक्त राखीव निधी आणि शेअर प्रीमियम यांच्या बेरजेपेक्षा जास्त होत असेल, तर विशेष ठरावाशिवाय मंडळाला ते घेता येत नाही. बँकेकडून नेहमीच्या व्यवहारात घेतलेली तात्पुरती कर्जे या हिशेबात धरत नाहीत. आपल्या कंपनीची बेरीज 1 कोटी 50 लाख येते, कारण प्रीमियम नाही. कॅश क्रेडिटचे 60 लाख तात्पुरते म्हणून बाजूला ठेवले. मागांसाठीचे कर्ज भांडवली खर्चाचे आहे, ते तात्पुरते म्हणता येत नाही. जुने 90 लाख आणि नवे 1 कोटी 20 लाख मिळून 2 कोटी 10 लाख होतात. मर्यादा 60 लाखांनी ओलांडली.

ही पब्लिक कंपनी असती तर थोरल्यांना सर्वसाधारण सभेत जावे लागले असते. साध्या ठरावाला बाजूची मते विरोधी मतांपेक्षा जास्त असली की पुरते; शेअरनुसार मतदान झाले तर 60 विरुद्ध 40 मध्ये थोरले जिंकतात. विशेष ठरावाला बाजूची मते विरोधी मतांच्या किमान तिप्पट लागतात. 60 ला 40 ची तिप्पट व्हायला 120 हवेत, म्हणजे ठराव पडला. पण धाकटे तटस्थ राहिले किंवा आलेच नाहीत, तर 60 विरुद्ध 20 होते, बरोबर तिप्पट, आणि ठराव मंजूर. विशेष ठरावाला एकूण शेअरच्या तीन-चतुर्थांश मते लागतात असे उत्तरपत्रिकांत सर्रास लिहिले जाते, ते चूक आहे. मोजायची ती पडलेली मते. जो मत देत नाही तो कोणत्याच बाजूला धरला जात नाही, त्यामुळे त्याचे तटस्थ राहणे प्रत्यक्षात मोठ्या गटाला मदत करते.

तर धाकटे आणि वहिनी एकत्र आले असते तर त्यांना कर्ज रोखता आले असते. 5 जून 2015 च्या अधिसूचनेने प्रायव्हेट कंपन्यांना संपूर्ण कलम 180 मधून सूट दिली. त्याच अधिसूचनेने कलम 179 खालचे मंडळाचे ठराव कंपनी निबंधकाकडे दाखल करण्यातूनही त्यांची सुटका केली. परिणाम असा की आज या कंपनीत 40 टक्के शेअर असलेल्या दोन घरांना कर्जाच्या निर्णयात भागधारक म्हणून काहीच म्हणता येत नाही, आणि बाहेरच्या कोणाला तो ठराव निबंधकाच्या नोंदीत पाहताही येत नाही. त्यांच्या हाती उरली मंडळाच्या सभेतली एक-एक खुर्ची. ती सभाही कागदावरच झाली, तर कायद्याने त्यांना काही दिले आहे असे म्हणताच येणार नाही.

या सुटीला 13 जून 2017 च्या अधिसूचनेने एक अट जोडली, आणि तिच्याकडे कर्ज घेणारे आणि देणारे दोघेही पुरेसे लक्ष देत नाहीत. ज्या प्रायव्हेट कंपनीने आपले वार्षिक हिशेब किंवा वार्षिक विवरणपत्र निबंधकाकडे दाखल करण्यात कसूर केलेली नाही, तिलाच ही सूट मिळते. आपल्या कंपनीचे मागच्या वर्षीचे विवरणपत्र राहिले असेल, तर सूट गेली, कलम 180 लागू झाले आणि 2 कोटी 10 लाखांसाठी विशेष ठराव लागला. लहान कंपन्यांत विवरणपत्र उशिरा जाणे अजिबात दुर्मीळ नाही. म्हणून कर्जाच्या फाइलवर मत देण्याआधी निबंधकाच्या नोंदी उघडून पाहणे हे पहिले काम असायला हवे.

बँकेला या सगळ्याची किती काळजी करावी लागते, हा पुढचा प्रश्न. कंपनीच्या आतल्या सभा नीट झाल्या की नाही हे बाहेरच्या माणसाने तपासत बसण्याची गरज नाही, हे तत्त्व 1856 च्या रॉयल ब्रिटिश बँक विरुद्ध टरक्वांड या इंग्रजी निकालापासून चालत आले आहे. लक्ष्मी रतन कॉटन मिल्स विरुद्ध जे. के. ज्यूट मिल्स या 1957 च्या खटल्यात मंडळाचा ठरावच झाला नव्हता, असे म्हणून कर्जदार कंपनीने कर्जाची जबाबदारी नाकारली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ते मानले नाही आणि देणाऱ्याला संरक्षण दिले. निष्पापपणे कर्ज देणाऱ्याच्या बाबतीत हे न्याय्यच आहे. पण त्यामुळे खोट्या सभेचा भार कोणावर येतो ते पाहा. कंपनीला पैसे फेडावेच लागतात, आणि त्यात वहिनींचा 20 टक्के हिस्सा झिजतो. त्यांना दाद मागायची तर ती बँकेविरुद्ध नाही, घरातल्याच माणसांविरुद्ध, राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढे, कलम 241 खाली अन्यायकारक कारभाराची तक्रार करून.

कलम 180 मध्ये याचे उत्तर होते. मर्यादेबाहेरचे कर्ज वैध ठरवायचे असेल तर आपण ते सद्भावनेने दिले आणि मर्यादा ओलांडल्याचे आपल्याला माहीत नव्हते, हे देणाऱ्याने सिद्ध करावे असे ते सांगते. ताळेबंद हातात असलेल्या बँकेला हे सिद्ध करणे कठीण, म्हणून पब्लिक कंपनीला कर्ज देताना बँक स्वतःच विशेष ठराव मागते. देणाऱ्यालाच पहारेकरी केल्यामुळे नियम पाळला जातो. प्रायव्हेट कंपनीत हा पहाराही 2015 मध्ये उठला.

खोटी सभा कागदावरून ओळखता येते का? बऱ्याचदा येते. कार्यवृत्तात सभा 10 जूनला झाली असे लिहिलेले असते आणि ठरावात बँकेच्या 12 जूनच्या मंजुरीपत्राचा क्रमांक असतो. जे पत्र अजून आलेच नव्हते ते सभेपुढे ठेवले कसे? मिनिट बुकाची पाने सलग क्रमांकाची नसतात. कोणत्याच सभेत कोणाचाच विरोध नसतो, प्रश्नसुद्धा नसतो, आणि सगळ्या ठरावांची भाषा बँकेच्या नमुन्याची असते. हजेरीपटावर सही नाही, नोटीस पाठवल्याचा मेल नाही, कार्यसूची नाही. मंडळाच्या सभांसाठीचे सचिवीय मानक 1 सांगते की कार्यवृत्ताचा मसुदा सभेनंतर 15 दिवसांत सगळ्या संचालकांना पाठवावा आणि त्यांनी सात दिवसांत आपले म्हणणे कळवावे. हा मसुदा वहिनींच्या मेलवर कधी आला होता का, एवढा एक प्रश्न विचारला की बरेचसे उत्तर मिळते.

आणि हे प्रकरण फक्त वहिनींच्या हिश्शाचे नाही, त्यांच्या जबाबदारीचेही आहे. कायद्यात कसूरदार अधिकाऱ्याच्या व्याख्येत असा संचालकही येतो, ज्याला मंडळाचे कामकाज मिळाल्यामुळे किंवा त्यात भाग घेतल्यामुळे उल्लंघन माहीत होते आणि ज्याने हरकत घेतली नाही. खोट्या कार्यवृत्तात वहिनींना हजर दाखवले तर उद्या काही बिघडल्यावर त्यांच्यावर बोट दाखवायला तो कागद तयार आहे. उलट त्यांना सलग 12 महिने सगळ्या सभांना गैरहजर दाखवले तर कलम 167 प्रमाणे त्यांचे संचालकपद आपोआप जाते, रजा मागितलेली असो वा नसो. मिनिट बुक ज्याच्या ताब्यात, तो त्यांना अडकवूही शकतो आणि काढूही शकतो. कार्यवृत्तात फेरफार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे हे खरे, पण ते सिद्ध करण्याचे ओझे घरातल्या सगळ्यात कमजोर माणसावर पडते.

याची तुलना संचालकाला काढण्याच्या पद्धतीशी करून पाहा. थोरल्यांना वहिनींना मंडळातून उघडपणे काढायचे असेल तर त्यांच्या घराचे 60 टक्के पुरेसे आहेत, कारण कलम 169 ला साधा ठराव चालतो. पण त्या ठरावाला विशेष नोटीस लागते, ती सभेच्या किमान 14 दिवस आधी कंपनीला द्यावी लागते, तिची प्रत वहिनींना पाठवावी लागते आणि सभेत बोलण्याचा हक्क त्यांना मिळतो. विशेष नोटिशीचा ठराव हा बहुमताचा वेगळा प्रकार नाही. त्यात मते साध्या किंवा विशेष ठरावाचीच लागतात, वाढवलेली असते ती सूचना आणि सुनावणी. जिला काढायचेच आहे तिलाही कायदा ऐकून घ्यायला लावतो, तर तिच्या हिश्शावर कोटीचा बोजा टाकताना तिला न ऐकणे कसे चालेल?

सभेचा त्रास होतो, हे विरोधी मत मी पूर्णपणे फेटाळत नाही. पुण्यातल्या मुलाला दर वेळी येणे जमत नाही, हंगामात धाकटे गाळा सोडू शकत नाहीत. पण या अडचणींची उत्तरे कायद्यात आहेत. व्हिडिओवरून हजर राहिलेला संचालक गणपूर्तीत धरला जातो. लहान कंपनीला वर्षात चार सभांची सक्ती नाही. कॅलेंडर वर्षाच्या प्रत्येक सहामाहीत एक आणि दोन सभांत किमान 90 दिवसांचे अंतर पुरते. कॅश क्रेडिटच्या खात्यातून रोज पैसे काढायला ठराव लागत नाही; सभेत ठरवायची असते ती बँकेशी केलेली व्यवस्था. आणि कर्ज घेण्याचा अधिकार मंडळ एका सभेत ठराव करून व्यवस्थापकीय संचालकाकडे अटींसह सोपवू शकते. वर्षारंभी सगळ्यांसमोर 25 लाखांपर्यंतची मुभा थोरल्यांना दिली तर किरकोळ कर्जासाठी कोणाला बोलवावे लागणार नाही. ती मुभा किती असावी यावर मात्र एकदा सगळ्यांनी बसायला हवे.

मला दोन बदल हवे आहेत. पहिला बदल बँका कायदा न बदलता आज करू शकतात. ठरावाच्या प्रमाणित प्रतीबरोबर सगळ्या संचालकांना नोटीस गेल्याचा पुरावा आणि हजेरीपटाची प्रत मागावी, आणि मंजुरीपत्राची एक प्रत प्रत्येक संचालकाच्या स्वतःच्या नोंदवलेल्या मेलवर थेट पाठवावी. व्यवस्थापकीय संचालकाच्या मेलवरून ती पुढे जाईल अशी अपेक्षा ठेवू नये. बँकेला यात खर्च जवळजवळ नाही. मेल बँकेकडूनच गेला असल्यामुळे पुढे वाद झाला तर बँकेचीही सद्भावना जास्त भक्कम दिसेल.

दुसरा बदल सरकारने करायचा आहे. कलम 180 ची कर्जाची मर्यादा सगळ्या प्रायव्हेट कंपन्यांना पुन्हा लावावी असे मी म्हणत नाही. जिथे सगळे भागधारक संचालकही आहेत आणि सगळे एकमताने ठराव करतात, तिथे विशेष ठरावाने काही वाढत नाही. पण मंडळाच्या सभेत एकाही संचालकाचा विरोध नोंदला गेला, किंवा एखादा संचालक सभेला नव्हता, तर मर्यादेबाहेरच्या कर्जाला सूट मिळू नये आणि ते विशेष ठरावासाठी भागधारकांपुढे जावे. तसे झाले तर विरोध नोंदवण्याला किंमत येईल, सगळे सर्वानुमते झाले असे खोटे लिहिण्याने कायद्यातली एक पायरी चुकवल्याचा उघड गुन्हा घडेल, आणि बँकेला ठरावाची प्रत घेताना कोण हजर होते हे खरोखर वाचावे लागेल. यात एक धोका आहे. मुद्दाम गैरहजर राहून एखादा भाऊ दर वेळी कर्ज अडवू पाहील. म्हणून रीतसर नोटीस मिळूनही सलग दोन सभांना न आलेल्याची गैरहजेरी यासाठी धरू नये, अशी तरतूद त्याच कलमात असावी.

तोवर मधल्या वहिनींच्या जागी असलेल्या संचालकांनी करण्यासारखे एक काम आहे. निबंधकाच्या नोंदीतला आपला पत्ता आणि मेल आपलाच आहे ना, हे तपासावे, आणि कंपनीला लेखी कळवावे की यापुढच्या नोटिसा आणि कार्यवृत्ताचे मसुदे याच मेलवर हवेत. मसुदा आला आणि त्यात न झालेली सभा दिसली, तर सात दिवसांच्या आत लेखी हरकत पाठवून तिची प्रत स्वतःकडे ठेवावी.